भरती अर्ध्यावर सोडताना

एखाद्या कंपनीत अकाउंटंटची जागा भरायची असली, की आधी फोनवर चौकशी होते, मग विभागप्रमुख मुलाखत घेतात, पुढे एचआरशी पगाराचं बोलणं होतं आणि शेवटी ऑफर लेटर हातात पडतं. समजा, विभागप्रमुखांची मुलाखत झाली आणि त्याच आठवड्यात उमेदवार मुलीला घराजवळ दुसरी नोकरी मिळाली. अशा वेळी संकोचापोटी अनेक जण फोन उचलणंच बंद करतात.

नुकसान इथूनच सुरू होतं. मुलाखत चांगली झाली असेल, तर कंपनी तिच्यासाठी थांबते आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ‘कळवतो’ एवढंच सांगते. वाट पाहून तोही दुसरीकडे रुजू होतो. मुलगी प्लेसमेंट कन्सल्टंटमार्फत आली असेल, तर त्याचीही अडचण होते, कारण बहुतेक वेळा उमेदवार रुजू झाल्यावरच त्याला फी मिळते. म्हणून कन्सल्टंट असेल तर त्याला आधी सांगावं.

निर्णय पक्का झाला, की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कळवावं. पुढच्या फेरीची वेळ ठरलेली असेल, तर आधी फोन करावा आणि नंतर ईमेल पाठवावा. ईमेल चार ओळींचा पुरे: ‘नमस्कार मॅडम, अकाउंटंट पदासाठी माझी मुलाखत घेतल्याबद्दल आभारी आहे. मी दुसरी संधी स्वीकारली असल्याने या पदासाठीचा माझा अर्ज मागे घेत आहे. गुरुवारची बैठक कृपया रद्द करावी. आपण दिलेल्या वेळाबद्दल मनापासून धन्यवाद.’ विषयाच्या ओळीत पदाचं आणि स्वतःचं नाव असावं.

नव्या कंपनीचं नाव किंवा पगार सांगायची गरज नाही. मात्र घरच्या आजारपणाचं खोटं कारण देऊ नये. पुढच्याच महिन्यात लिंक्डइनवर नवी नोकरी दिसते. ‘सध्या जमेल असं वाटत नाही’ अशी मोघम भाषाही टाळावी. समोरच्याला ती पगार वाढवून मागण्याची खेळी वाटते, आणि पुन्हा बोलणी सुरू होतात.

ऑफर लेटरवर सही झाली, की गोष्ट वेगळी. मग नुसता अर्ज मागे घेऊन भागत नाही. पत्रातल्या अटी नीट वाचाव्यात, एचआरशी स्वतः बोलावं आणि मगच लेखी कळवावं. रुजू व्हायच्या दिवशी सकाळी मेसेज टाकणं सर्वांत वाईट, कारण तोवर कंपनीने बाकीच्या उमेदवारांना नकार कळवलेला असतो.

सरकारी भरतीत यासाठी रीतसर सोय आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोग अंतिम निकालापूर्वी उमेदवारांना ‘ऑप्टिंग आउट’चा पर्याय देतो. आधीच दुसरं पद मिळालेल्या उमेदवाराने तो मुदतीत निवडला, तर ती जागा गुणवत्ता यादीत त्याच्या खाली असलेल्याला मिळू शकते. खासगी नोकरीत अशी सोय क्वचितच असते. तिथे उमेदवारानेच वेळेवर कळवावं लागतं.