मुंग्या वर सरकल्या की खाली?

माझा थोरला चुलतभाऊ ठाण्यात एका कंपनीच्या हिशेब खात्यात आहे. वय ४७. गेल्या पावसाळ्यात एका रात्री त्याचा फोन आला. "अगं, उजवा हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं आणि खाली सोडला की अंगठ्यात मुंग्या येतात. हे काय नवीन?" मी फिजिओथेरपिस्ट आहे, वीस वर्षं हेच काम करते. हात डोक्यावर ठेवल्यावर बरं वाटतं हे ऐकल्याबरोबर माझं लक्ष त्याच्या हातावरून मानेकडे गेलं.

मानेत सात मणके असतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी नसांच्या आठ जोड्या बाहेर पडतात. हातात उतरणाऱ्या नसांचे इलाके ठरलेले असतात. पाचव्या आणि सहाव्या मणक्याच्या मधून निघणारी सहावी नस दंडाच्या बाहेरून अंगठ्यात आणि तर्जनीत उतरते. सातवी मधल्या बोटाकडे जाते, आठवी करंगळीकडे. हात डोक्यावर नेला की या नसेवरचा ताण सैल पडतो, म्हणून मान दुखणारे बरेच जण नकळत तसेच झोपतात. मनगटात नस दाबली गेली तरी अंगठ्याला आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येतात, पण तो माणूस मध्यरात्री जागा होऊन हात झटकतो आणि मान हलवल्याने त्याला काही फरक पडत नाही. दादाला पडत होता. वरच्या फळीवरची फाइल बघायला त्याने मान मागे नेऊन उजवीकडे वळवली की कळ दंडातून थेट अंगठ्यापर्यंत जायची.

(हात दुखतोय आणि छातीतही जड वाटतंय, घाम येतोय, असं असेल तर मानेचा विचार बाजूला ठेवून आधी हृदय तपासून घ्यायचं, हात डावा असो वा उजवा.)

हाडांच्या डॉक्टरांनी त्याच्या कोपरावर हातोडी मारून पाहिली, मनगट वर उचलण्याची ताकद तपासली, आठवडाभराची वेदनाशामक गोळी दिली आणि एक्स-रे काढला. पाचव्या-सहाव्या मणक्यांमध्ये 'गॅप' आहे असं सांगून दादा घाबरून माझ्याकडे आला. आपल्याकडे सगळे 'गॅप आली' म्हणतात. खरं तर तिथली जागा कमी झालेली असते. मणक्यांमधली गादी वयानुसार सुकते, बसते, आणि तिच्या कडांवर हाड थोडं वाढतं. यालाच स्पाँडिलोसिस म्हणतात. जपानमध्ये मानेची काहीच तक्रार नसलेल्या १२११ लोकांचे एमआरआय काढले होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८७ टक्क्यांहून जास्त लोकांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली. म्हणून रिपोर्ट वाचून घाबरायचं कारण नाही. विचारायचा प्रश्न असा की इतकी वर्षं गप्प असलेल्या त्या अरुंद जागेत नस आत्ताच का चिडली?

ते शोधायला मी एका शनिवारी त्याच्या ऑफिसात जाऊन बसले. खुर्ची बरी होती, स्क्रीन डोळ्यांच्या उंचीवर होता, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. पण दादा काम करू लागला तशी त्याची हनुवटी वर गेली. चार महिन्यांपूर्वी त्याला प्रोग्रेसिव्ह चष्मा लागला होता. त्यात जवळचं वाचायचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. समोरच्या स्क्रीनवरचे आकडे त्या खालच्या भागातून दिसावेत म्हणून तो दिवसाचे सात-आठ तास मान मागे टाकून बसत होता. भरीला दुसरा स्क्रीन उजव्या हाताला. मान मागे आणि उजवीकडे गेली की उजव्या बाजूची नस बाहेर पडण्याची भोकं बारीक होतात, आणि पुढे वाकली की मोकळी होतात. एरवी मी लोकांना स्क्रीन वर घ्यायला सांगते. इथे उलट केलं. स्क्रीनखालची दोन रजिस्टरं काढली, दुसरा स्क्रीन मधोमध आणला आणि त्याला फक्त कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्यायला सांगितलं. चाळिशीनंतर ऑफिसात मान दुखणाऱ्या प्रत्येकाने बाजूने कुणाला तरी पाहायला सांगावं, हनुवटी वर जाते का.

त्याच वेळी मी त्याला एक नियम सांगितला. पुढचं सगळं त्यावरच बेतलेलं होतं. काहीही केल्यावर मुंग्या बोटांतून वर कोपराकडे, दंडाकडे, खांद्याकडे सरकल्या तर ते बरोबर चाललंय, मग मान थोडी जास्त दुखली तरी चालेल. मुंग्या खाली बोटांकडे उतरल्या तर ते थांबवायचं, मग मानेला कितीही छान वाटो.

उशीला हा नियम लगेच लागू पडला. दादा डाव्या कुशीवर झोपतो आणि डोक्याखाली दोन उशा घेतो. त्यामुळे डोकं रात्रभर उजवीकडे कलतं आणि उजवी भोकं दाबली जातात. सकाळी अंगठा बधिर असायचा. शेजारच्या काकांनी सांगितलं, उशीच घेऊ नको. आपल्याकडे हा सल्ला घरोघरी मिळतो. त्याने चार रात्री तसं केलं. आता डोकं डावीकडे गादीवर लोंबायला लागलं, उजवी बाजू रात्रभर ताणली गेली आणि मुंग्या पुन्हा अंगठ्याच्या टोकापर्यंत. पाठीवर अगदी सरळ झोपणाऱ्याला पातळ उशी चालते. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा मध्ये येतो, त्याची जागा भरायलाच लागते.

मी शिवणाची टेप घेऊन त्याच्या मानेच्या बुडापासून खांद्याच्या टोकापर्यंत मोजलं. १३ सेंटिमीटर भरलं. डोकं ठेवून दबल्यावर उशी साधारण तेवढी उरायला हवी, मऊ गादीत खांदा रुतत असेल तर थोडी कमी. वहिनीने घरातली गाठी झालेली कापसाची उशी पिंजून घेतली आणि तिच्याखाली चादर घडी करून ठेवली. मग दादा कुशीवर झोपलेला असताना मागून फोटो काढला. डोक्याच्या मागच्या मध्यापासून पाठीच्या कण्यापर्यंत रेघ सरळ दिसेपर्यंत चादरीच्या घड्या कमी-जास्त केल्या. पाठीवर वळला की मानेच्या खळगीत आधार हवा म्हणून उशीच्या अभ्र्यात खालच्या कडेला हातपुसण्याची गुंडाळी घातली. पोटावर झोपायचं नाही एवढंच पथ्य, कारण मग मान रात्रभर एका बाजूला पिळलेली राहते. दुकानातली दोन-तीन हजारांची मानेची उशी काहींना मानवते, पण तिची उंची आपल्या खांद्याला जुळली तरच.

व्यायाम पहिले दोन आठवडे दोनच होते. आडवं पडून, मान मागे न टाकता, हनुवटी किंचित आत घ्यायची आणि डोक्याने उशी हलकेच दाबायची. पाच सेकंद धरायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. मानेतले खोल, छोटे स्नायू यात काम करतात. गळ्यावरचे मोठे स्नायू दोरीसारखे उठले तर समजायचं की जोर जास्त होतोय. दुसरा, बसल्या जागी दोन्ही खांद्यांची पाती मागे-खाली ओढायची. मान गोल फिरवायची नाही, कारण त्या चक्करमध्ये ती मागे-उजवीकडेही जाते.

तिसऱ्या आठवड्यात नस हलती करण्याचा व्यायाम दिला. हात बाजूला पसरायचा, मनगट मागे न्यायचं आणि लगेच परत आणायचं, सात-आठ वेळा. दादाने उत्साहात कुठलासा व्हिडिओ पाहून तो तीस वेळा केला आणि प्रत्येक वेळी ताण धरून ठेवला. संध्याकाळपर्यंत अंगठा झिणझिणत होता. स्नायू ताणून धरला तर सैल होतो. चिडलेली नस ताणून धरली तर आणखी चिडते. दोन दिवस बंद ठेवून पुन्हा सातवर आलो.

न्हाव्याकडे मालिश झाल्यावर कटकन मान मोडून घेण्याची त्याची सवय मी हात जोडून बंद करवली. मणक्यांमधून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात. झटक्याने त्यांची आतली भिंत फाटून पक्षाघात झालेले रुग्ण वैद्यकाला माहीत आहेत.

मग ट्रॅक्शनचा प्रश्न आला. तो येतोच. "वजन लावल्यावर गादी जागेवर जाते ना?" नाही जात. मान ओढल्यावर मणक्यांमधली फट आणि नसेचं भोक ओढ असेपर्यंत थोडं उघडतं, स्नायू सैल होतात, नसेला तेवढा वेळ मिळतो. ओढ सुटली की जागा पुन्हा होती तशी. अभ्यासांतही एकमत नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ८१ रुग्णांच्या चाचणीत ट्रॅक्शनने जास्तीचा फायदा दिसला नाही. २०१४ च्या ८६ रुग्णांच्या चाचणीत व्यायामाला मशीनच्या ट्रॅक्शनची जोड दिलेले लोक नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा पुढे राहिले. माझा कल असा, की हातात मुंग्या असतील आणि मी दोन्ही हातांनी डोकं हलकेच ओढल्यावर त्या तिथल्या तिथे कमी होत असतील, तर ट्रॅक्शन करून पाहावं. नुसती मान दुखत असेल तर मी लावत नाही.

लावण्याआधी काही गोष्टी विचारायलाच हव्यात. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात का, पायातली चप्पल नकळत निसटते का, चालताना तोल जातो का, लघवीवरचा ताबा बदललाय का? यातलं एकही 'हो' असेल तर बाजूची नस नाही, मधला मज्जारज्जूच दाबला जात असू शकतो. मग ट्रॅक्शन नाही, व्यायामही नाही, त्याच दिवशी डॉक्टर आणि एमआरआय. हाताची ताकद दिवसेंदिवस कमी होत असेल तरी तसंच. संधिवात, ठिसूळ हाडं, नुकताच मार किंवा ताप असलेल्यांनाही मी ट्रॅक्शन लावत नाही.

दादाचं उत्तर सगळ्याला 'नाही' होतं. त्याचं वजन ७२ किलो. झोपवून, मान थोडी पुढे वाकवून, पाच किलोने सुरुवात केली, थांबत-ओढत पंधरा मिनिटं. नंतर सहा-सात किलोपर्यंत गेलो. शरीराच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास थांबावं. दारावर टांगायची पाण्याच्या पिशवीची किट त्याने आधीच मागवली होती. ती मी उघडू दिली नाही. बसून ओढताना पहिले चार-पाच किलो नुसतं डोकं पेलण्यातच जातात, म्हणून लोक पाणी वाढवत नेतात आणि हनुवटीच्या पट्ट्याने जबडा दुखवून घेतात.

दुसऱ्या बैठकीनंतर मुंग्या मनगटापर्यंत वर आल्या, चौथीनंतर कोपरापर्यंत. तिसऱ्या-चौथ्या बैठकीपर्यंत काहीच हललं नसतं तर मी बंद केलं असतं. आठ बैठकांनंतर तसंही थांबलो आणि व्यायाम वाढवले. दंडातली कळ सहा आठवड्यांत गेली. अंगठ्याच्या टोकाचा बधिरपणा मात्र हळू ओसरला. दुखणं आधी जातं आणि बधिरपणा शेवटी, हे आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून तो घाबरला नाही. दिवाळीत आकाशकंदील लावायला तो स्टुलावर चढला, मान मागे टाकली आणि अंगठ्याकडे पाहत उभा राहिला. मुंग्या खांद्यापर्यंतच आल्या. त्याने कंदील मुलाच्या हातात दिला आणि खाली उतरला.