स्वादुपिंडाचा शेजार

स्वादुपिंड ही वीतभरापेक्षा थोडी लहान, मऊ ग्रंथी. जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर ती आडवी पडलेली असते. पोट कितीही दाबून पाहिले तरी तिच्यातली लहान गाठ हाताला लागत नाही. सोनोग्राफीतही आतड्यातला वायू मध्ये आला की ती नीट दिसत नाही. या ग्रंथीचा कर्करोग उशिरा सापडतो, त्याचे पहिले कारण ही जागा.

दुसरे कारण लक्षणांचे. भूक मंदावणे, वजन उतरणे, जेवणानंतर जडपणा, पाठीत बोथट दुखणे. यांतल्या प्रत्येकाला साधे स्पष्टीकरण मिळू शकते आणि आपण ते आनंदाने स्वीकारतो. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह लागला आणि त्याच सुमारास वजनही घटू लागले, तर मात्र स्वादुपिंडाकडे पाहायला हवे. त्याकडे पुष्कळदा ‘वयाप्रमाणे आलेली साखर’ म्हणून दुर्लक्ष होते. धडधाकट माणसात हा रोग आधीच हुडकणारी, सर्वांना करता येईल अशी चाचणी आज नाही.

गाठ कुठे उगवते यावरही बरेच अवलंबून असते. ग्रंथीच्या डोक्याकडच्या भागातून पित्तनलिका जाते. तिथली गाठ लहान असतानाच नलिका दाबू शकते. मग डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, अंगाला खाज सुटते. शेपटीकडच्या गाठीला अशी चुगली करणारा शेजारी नसतो, म्हणून ती बरेचदा यकृतापर्यंत पसरल्यावरच कळते. निदानाच्या वेळी शस्त्रक्रियेने गाठ काढता येण्याजोगी असते ती साधारण पाचांपैकी एका रुग्णाची.

वडोदऱ्यातील माझे एक निवृत्त सहकारी, वय 63, यांना अशीच न दुखणारी कावीळ झाली. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसली, पण अडथळा कशाचा ते कळेना. पित्त वाहते करण्यासाठी आत नळी बसवायची घाई घरच्यांना होती. शल्यचिकित्सकांनी आधी सीटी स्कॅन करवला. नळी बसवताना आसपास सूज येऊ शकते आणि नंतरच्या चित्रात सूज कुठली, गाठ कुठली हे ओळखणे अवघड होते.

या स्कॅनमध्ये वेळ साधावी लागते. शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध दिल्यावर सुमारे 40 ते 45 सेकंदांनी पहिली चित्रमालिका घेतात. तेव्हा रक्ताने भरलेली ग्रंथी उजळ दिसते. गाठ तंतुमय आणि रक्त कमी मिळणारी असल्याने ती काळसर उमटते. 70 सेकंदांच्या सुमारास दुसरी मालिका, तेव्हा नीला आणि यकृत स्पष्ट होतात. एकाच वेळी घाईने काढलेल्या साध्या स्कॅनमध्ये हा फरक पुसट होतो.

अहवाल इंग्रजीत होता. वहिनींनी तो मराठीत सांगायला मला बोलावले. मी गाठीच्या मापावर, 2.8 सेंटिमीटरवर, बोट ठेवले, तर शल्यचिकित्सक म्हणाले, “सर, केवढी आहे ते नंतर. कशाला टेकली आहे ते आधी वाचा.”

स्वादुपिंडाच्या डोक्यालगत दोन मोठ्या रक्तवाहिन्या जातात. एक आतड्यांना रक्त पुरवणारी रोहिणी, दुसरी तिथून रक्त परत आणणारी नीला. निरोगी स्थितीत रोहिणीभोवती चरबीचे कडे असते आणि ते स्कॅनमध्ये काळे दिसते. ते अखंड असेल तर गाठ रोहिणीपासून दूर आहे. गाठ तिला टेकली असेल तर तिच्या परिघाचा किती भाग व्यापला ते मोजतात. 180 अंशांपर्यंत, म्हणजे अर्ध्या वर्तुळापर्यंत, असेल तर प्रकरण सीमारेषेवरचे. त्याहून जास्त असेल तर गाठ स्थानिक पातळीवर पुढे गेलेली मानतात आणि सुरुवातीला शस्त्रक्रिया करत नाहीत. नीलेबाबत थोडी सवलत आहे, कारण तिचा तुकडा काढून पुन्हा जोडता येतो. भाषेच्या शिक्षकाला इथे थांबावेसे वाटते. अहवालात ‘स्पर्श’ आणि ‘वेढा’ असे दोन वेगळे शब्द होते. दोन्हींसाठी मी ‘चिकटली आहे’ म्हटले असते, तर वहिनींना निर्णय कळलाच नसता.

सरांच्या गाठीचा रोहिणीला स्पर्श सुमारे 100 अंशांचा होता. यकृत स्वच्छ दिसले, तरी काही मिलिमीटरचे ठिपके स्कॅनमध्ये सुटू शकतात. म्हणून दुर्बिणीतून पोट आतून पाहिले गेले. तिथे काही आढळले नाही. मग नळी बसवून कावीळ उतरवली आणि केमोथेरपी सुरू झाली.

चार महिन्यांनी पुन्हा स्कॅन. चित्र जवळजवळ तेच होते. घरात निराशा पसरली. पण केमोथेरपीनंतर सीटीला जिवंत गाठ आणि तिच्या जागी राहिलेला वण यांतला भेद नीट करता येत नाही. नवीन कुठे काही उगवले नव्हते आणि रक्तातले गाठीचे सूचक द्रव्य बरेच खाली आले होते. एवढ्या आधारावर पोट उघडायचे ठरले. गाठ निघाली. रोहिणीलगतचा स्कॅनमध्ये तसाच दिसणारा पट्टा सूक्ष्मदर्शकाखाली बहुतांशी वण ठरला.