दहा पिनांमधली नऊ अंतरं

आमच्या कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स क्लबात भंगारातून आलेले डीव्हीडी प्लेअर, प्रिंटर, म्युझिक सिस्टिम उघडण्याचं काम वर्षभर चालतं. नव्या मुलांसाठी आम्ही एक पानी टिपण काढलं आहे आणि त्याचा विषय एकच: आत सापडणारा पांढरा प्लॅस्टिकचा कनेक्टर ओळखायचा कसा. त्यावर बहुधा कंपनीचं नाव नसतं आणि सगळे दिसायला भावंडांसारखे असतात. दुकानात मात्र त्यांना निरनिराळी नावं आहेत: रिलीमेट, जेएसटी, बर्ग, एफआरसी.

हे टिपण काढायची वेळ एका म्युझिक सिस्टिममुळे आली. पॉवर सप्लायच्या बोर्डापासून अॅम्प्लिफायरपर्यंत दहा तारांची केबल होती. बोर्डावरचा सॉकेट तुटलेला होता, म्हणून एका विद्यार्थ्याने त्याजागी दहा पिनांची बर्ग स्ट्रिप झाळली आणि केबलचा मूळ प्लग जोर लावून त्यात बसवला. सिस्टिम वाजली, पण केबलला हात लागला की एका बाजूचा आवाज खरखरायचा. झाळकाम पुन्हा केलं, तरी फरक पडला नाही. प्लग काढून पाहिला, तेव्हा टोकाच्या पिना आत झुकलेल्या दिसल्या.

दोष होता पिचमध्ये. पिच म्हणजे शेजारच्या दोन पिनांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. बर्ग स्ट्रिप आणि रिलीमेट इंचाच्या हिशेबात जन्मलेले, त्यामुळे त्यांचा पिच इंचाचा दहावा भाग, म्हणजे 2.54 मिलिमीटर. जेएसटी या जपानी कंपनीच्या एक्सएच मालिकेचा पिच सरळ 2.5 मिलिमीटर. फरक 0.04 मिलिमीटरचा, डोळ्यांना दिसणारच नाही. तीन-चार पिनांचा प्लग असेल तर तो खपूनही जातो. पण फरक प्रत्येक अंतरागणिक साठत जातो आणि दहा पिनांवर तो 0.36 मिलिमीटर होतो. मग टोकाच्या पिना वाकतात, प्लगमधली स्प्रिंग ताणली जाते आणि संपर्क कधी लागतो, कधी सुटतो.

म्हणून मोजमाप दोन पिनांचं न घेता पूर्ण ओळीचं घ्यावं. पिनेचा मध्य पकडणं अवघड असतं, तेव्हा कॅलिपरने पहिल्या पिनेच्या डाव्या कडेपासून शेवटच्या पिनेच्या डाव्या कडेपर्यंत मोजावं. मग भागायचं ते पिनांच्या संख्येने नव्हे, मधल्या अंतरांच्या संख्येने. दहा खांबांच्या कुंपणात मोकळ्या जागा नऊच असतात. ही चूक इतकी हमखास होते की टिपणात ते वाक्य आम्ही ठळक छापलं आहे. त्या सॉकेटच्या पिना बोर्डावर ज्या भोकांत होत्या, ती मोजली तेव्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत 22.5 मिलिमीटर भरले. नवाने भागलं की 2.5. बर्ग स्ट्रिपचे 22.86 भरतात. अशा अडचणीत कॅलिपर नसेल तर बर्ग स्ट्रिपच शेजारी धरावी. दहाव्या पिनेला जुळत नसल्याचं नजरेलाही कळतं.

पिच कळल्यावर भिंती पाहाव्यात. रिलीमेटच्या बोर्डावरच्या भागाला एकाच बाजूला उभी पाठ असते, बाकी पिना उघड्या. एक्सएचला चारही बाजूंनी भिंत असते आणि तिच्या एका अंगाला खाचा असतात. पिच 2.0 मिलिमीटर भरला आणि पिना अंमळ बारीक दिसल्या, तर तो पीएच मालिकेचा असण्याची शक्यता जास्त. छोट्या उपकरणांत तो वारंवार भेटतो. 3.96 मिलिमीटर अंतरावरच्या जाड पिना दिसल्या, तर तिथे जास्त करंट वाहतो, आणि बऱ्याचदा घरातली वीजच येत असते. अशा बोर्डाला हात लावण्याआधी प्लग काढून मोठ्या कपॅसिटरवरचं व्होल्टेज मीटरने तपासलंच पाहिजे. 230 व्होल्टची वीज रेक्टिफाय झाली की त्याच्यावर 325 च्या आसपास डीसी साठतं आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतं.

कनेक्टर ओळखला म्हणजे जोडणी कळली, असं मात्र नाही. अगदी तोच पीएच प्लग दोन बॅटऱ्यांवर लाल-काळ्या तारा उलट लावूनही येतो. तारांचा रंग पाहून न जोडता बोर्डावरची ग्राउंड लाइन मीटरच्या बीपने शोधावी.

आणि भंगार उघडतानाच एक सवय लावून घ्यावी. प्लग सॉकेटमधून तारा धरून ओढायचा नाही, प्लॅस्टिकला धरायचं. तारांना हिसका बसला की आतली पिन निसटते. केबल कापायचीच असेल तर प्लगपासून दहा सेंटिमीटर तार सोडून कापावी, आणि शक्य असेल तर बोर्डावरचा सॉकेटही सोबत काढून जोडी एकत्र ठेवावी. टापकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला ही जोडी काउंटरवर ठेवली की दुकानदाराला मालिकेचं नाव सांगावं लागत नाही. तो डबा काढून शेजारी धरतो आणि दहावी पिन जुळते का ते पाहतो.