मराठी पदनामे इंग्रजीत नेताना : एका अनुभव प्रमाणपत्राचा अभ्यास

पुढील वाक्य लक्षपूर्वक वाचा. ‘प्रमाणित करण्यात येते की, अर्जदार हे सार्वजनिक बांधकाम विभाग, सातारा यांच्या अधिनस्त असलेल्या सार्वजनिक बांधकाम उपविभाग, वाई येथे दि. १ जून २०१२ ते ३१ मे २०१९ या कालावधीत कनिष्ठ अभियंता (स्थापत्य) या पदावर कार्यरत होते.’ वाक्य नमुन्यादाखल घेतले आहे. अर्जदाराकडे स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका आहे आणि आखाती देशातील एका बांधकाम कंपनीला सादर करण्यासाठी त्यांना या प्रमाणपत्राचा इंग्रजी अनुवाद हवा आहे, असे समजू.

शब्दकोश हाताशी घेऊन अनुवाद करणारा विद्यार्थी येथे ‘विभाग’साठी डिपार्टमेंट, ‘उपविभाग’साठी सबडिपार्टमेंट आणि ‘स्थापत्य’साठी आर्किटेक्चर असे शब्द लिहितो. व्याकरणदृष्ट्या त्याचे इंग्रजी निर्दोष असते. पण त्या इंग्रजीतील कार्यालय अस्तित्वात नसते आणि तसे पदही नसते. परदेशी कंपनी अर्जदाराच्या अनुभवाची पडताळणी करण्यासाठी मूळ कार्यालयाशी पत्रव्यवहार करते, तेव्हा कार्यालयाच्या उत्तरातील पदनाम आणि अनुवादातील पदनाम जुळत नाही. मग अनुवादकाच्या चुकीचा संशय अर्जदाराच्या प्रामाणिकपणावर जातो.

या चुकीचे मूळ अनुवादाच्या दिशेत आहे. आपल्या प्रशासनातील बहुसंख्य पदनामे मुळात इंग्रजी होती. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर भाषा संचालनालयाने त्यांना मराठी पर्याय सिद्ध केले आणि १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ प्रसिद्ध झाला. म्हणजे ‘कार्यकारी अभियंता’ हा शब्द एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर या पदनामाचा अनुवाद आहे. आज तो पुन्हा इंग्रजीत नेताना आपण नवा शब्द घडवत नसतो, तर त्याच्या मूळ घरी त्याला पोहोचवत असतो. म्हणून पहिला प्रश्न ‘याला इंग्रजीत काय म्हणता येईल?’ असा नसून ‘याला कार्यालय स्वतः इंग्रजीत काय म्हणते?’ असा असावा. त्याचे उत्तर पदनाम कोशात, कार्यालयाच्या द्विभाषिक शिक्क्यावर, नियुक्तिपत्रात किंवा वेतनचिठ्ठीत बहुधा सापडते.

‘विभाग’ या शब्दाकडे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे, कारण मराठी शासनव्यवहारात तो अनेक पातळ्यांवर वापरला जातो. मंत्रालयातील सार्वजनिक बांधकाम विभाग हे डिपार्टमेंट. त्याचे प्रशासकीय प्रमुख सचिव दर्जाचे अधिकारी असतात. साताऱ्यातील सार्वजनिक बांधकाम विभाग मात्र डिव्हिजन. त्याचे प्रमुख कार्यकारी अभियंता. पुणे विभाग म्हणजे विभागीय आयुक्तांच्या अखत्यारीतील जिल्ह्यांचा समूह. तोही डिव्हिजनच, पण महसुली. महाविद्यालयातील मराठी विभाग पुन्हा डिपार्टमेंट. शब्द एकच असल्याने अर्थ ठरवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्या कार्यालयाचा प्रमुख कोण, हे शोधणे. ‘मंडळ’ या शब्दालाही हीच कसोटी लावावी. अधीक्षक अभियंत्यांचे मंडळ आणि मंडळ अधिकाऱ्यांचे महसूल मंडळ ही दोन्ही सर्कल आहेत. माध्यमिक परीक्षा घेणारे शिक्षण मंडळ हे बोर्ड आहे.

आपल्या नमुन्यात साताऱ्याचे कार्यालय डिव्हिजन आहे, हे वाक्यातच सूचित होते. त्याच्या अधिनस्त उपविभाग आहे आणि उपविभाग म्हणजे सबडिव्हिजन. परंतु या टप्प्यावर दुसरी अडचण येते. परदेशी कंपनीत डिव्हिजन म्हणजे व्यवसायाची शाखा. आपल्याकडील डिव्हिजन हे ठरावीक भूप्रदेशातील रस्ते, पूल व शासकीय इमारती सांभाळणारे कार्यालय असते, हे तेथील वाचकाला ठाऊक नसते. त्यामुळे नावापुढे ‘महाराष्ट्र शासन’ हे शब्द इंग्रजीत येणे अगत्याचे आहे. मराठी प्रमाणपत्रात ते वाक्यात नसतात, शीर्षपत्रावर असतात. अनुवादात शीर्षपत्राचाही अनुवाद करावा.

‘स्थापत्य’ हा शब्द व्यवहारात इमारतीच्या कलेशी जोडला गेला आहे. अजिंठ्याचे स्थापत्य म्हणताना आपल्या मनात आर्किटेक्चरच असते. अभियांत्रिकीच्या परिभाषेत मात्र तो सिव्हिल या अर्थी रूढ आहे. अशीच द्वयर्थकता ‘अंदाजपत्रक’ या शब्दात आहे. वित्त विभागात ते बजेट, तर बांधकाम उपविभागात एस्टिमेट. कनिष्ठ अभियंता दरसूचीच्या आधारे रस्त्याच्या कामाचे अंदाजपत्रक तयार करतो. तेथे बजेट लिहिल्यास त्याने शासनाचा निधी वाटला, असा भलताच अर्थ निघेल.

आता ‘कनिष्ठ’. ज्युनिअर इंजिनिअर हे अधिकृत इंग्रजी नाव आहे आणि ते बदलता येणार नाही. पण परदेशी वाचकाला ज्युनिअर म्हणजे नवशिका वाटतो. आपल्याकडे तो संवर्ग आहे. सात वर्षे स्वतंत्रपणे कामे सांभाळूनही पदनाम तेच राहू शकते. उलट, इंजिनिअर या शब्दाने अपेक्षा वाढतेही. कॅनडाच्या प्रांतांत परवान्याशिवाय स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेण्यावर कायदेशीर निर्बंध आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००८ च्या व्यवसाय-वर्गीकरणात सिव्हिल इंजिनिअर २१४२ या गटात, तर सिव्हिल इंजिनिअरिंग टेक्निशियन ३११२ या गटात येतात. पदविकाधारक कनिष्ठ अभियंत्याचे काम मुख्यतः मोजमापे नोंदवणे, साहित्याची तपासणी आणि अंदाजपत्रकाचा मसुदा करणे असे असेल, तर ते दुसऱ्या गटाच्या वर्णनाशी अधिक जुळते. वर्गीकरण कामावरून ठरते, पदनामावरून नव्हे.

यावर उपाय एकच, तो म्हणजे दोन दस्तऐवज वेगळे ठेवणे. प्रमाणपत्राच्या अनुवादात पद ‘ज्युनिअर इंजिनिअर, सिव्हिल’ आणि कार्यालय ‘पब्लिक वर्क्स सबडिव्हिजन, वाई, अंडर पब्लिक वर्क्स डिव्हिजन, सातारा, गव्हर्न्मेंट ऑफ महाराष्ट्र’ असेच राहील. त्यात अनुवादकाने पदराचे काही घालू नये. अर्जदाराच्या स्वतःच्या परिचयपत्रात मात्र याच पदनामाखाली एका ओळीत कामाचे वर्णन द्यावे : रस्त्यांच्या कामांवर प्रत्यक्ष देखरेख, मोजमाप पुस्तकातील नोंदी, अंदाजपत्रके. कंपनीला ओळखीचा वाटेल तो साइट सुपरवायझर हा शब्द या वर्णनात चालेल. पदनामाच्या जागी चालणार नाही. अर्जदार अनेकदा आग्रह धरतात की ‘प्रोजेक्ट मॅनेजर लिहा, काम तेच होते.’ काम तेच असेलही, परंतु नियुक्तिपत्रात ते पद नाही. अशा वेळी अनुवादकाने नकार द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंग्रजी मूळ नसलेली पदे थोडी आहेत. तलाठी, अव्वल कारकून ही नावे इंग्रज अमदानीतही इंग्रजी कागदपत्रांत तशीच लिहिली गेली. त्यांचे रोमन लिप्यंतर करावे आणि परिचयपत्रात कार्य सांगावे : गावाच्या जमीन-नोंदी ठेवणारा महसूल कर्मचारी. तलाठ्याचे पदनाम आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे झाले आहे. तरी जुन्या प्रमाणपत्रावर तलाठी असेल तर अनुवादातही तलाठीच हवे, कारण अनुवादक प्रमाणपत्राच्या तारखेला बांधलेला असतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या बाबतीत गंमत उलटी आहे. मराठी नाव पुरेसे स्वयंस्पष्ट आहे, पण अधिकृत कलेक्टर हा शब्द परदेशी वाचकाला वसुली करणाऱ्याची आठवण करून देतो. तरीही जिल्हाधिकारी कार्यालयातील लिपिकाच्या प्रमाणपत्रात ‘ऑफिस ऑफ द कलेक्टर’ असेच लिहावे. जिल्ह्याचे प्रशासकीय प्रमुख कार्यालय, हा खुलासा परिचयपत्रात द्यावा.

सरावासाठी पुढील वाक्य घ्या : ‘अर्जदार हे सार्वजनिक बांधकाम मंडळ, पुणे येथे लेखा शाखेत वरिष्ठ लिपिक या पदावर कार्यरत होते.’ ‘मंडळ’ आणि ‘शाखा’ यांचे प्रमुख कोण असतील हे प्रथम लिहून काढा आणि त्यानंतरच इंग्रजी वाक्य तयार करा.