अर्ध्या गुंठ्यातली ज्वारी

यंदा राज्यात ज्वारी इतके लाख टन पिकली, अशी बातमी दरवर्षी वर्तमानपत्रात येते. आपण चहाचा घोट घेता घेता ती वाचतो आणि पान उलटतो. ही ज्वारी मोजली कोणी, असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. राज्यातील सगळी ज्वारी एका ठिकाणी येऊन तराजूवर चढते, असे तर घडत नाही. बरीचशी ज्वारी शेतकऱ्याच्या घरातच खाल्ली जाते, काही गावच्या बाजारात विकली जाते, काही पेवात किंवा कणगीत राहते. मग हा आकडा आला कोठून?

हिशेब वरकरणी सोपा आहे. ज्वारीखाली किती हेक्टर जमीन होती आणि हेक्टरी सरासरी उतारा किती पडला, या दोन आकड्यांचा गुणाकार. पहिला आकडा पीकपाहणीतून मिळतो. सातबाऱ्यातला जो ‘बारा’, तो याच नोंदीचा नमुना. पूर्वी तो तलाठी भरीत असे. 2021 पासून शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर नोंद करावी अशी सोय झाली आहे. खरी मौज आहे ती दुसऱ्या आकड्यात.

एके काळी हा उतारा नजरेने ठरे. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, आठ आणे म्हणजे निम्मे. गावाच्या शिवारातून फेरी मारायची आणि आणेवारी लावायची. 1957 साली नवे पैसे आले तेव्हा सरकारी कागदावर आणेवारीची पैसेवारी झाली, तरी लोकांच्या तोंडी जुना शब्द अजून टिकून आहे. अनुभवी माणसाची नजर काही वाईट नसते; पण पीक कमी दिसले तर सारा माफ होतो, हे नजरेलाही ठाऊक असते! त्यामुळे प्रत्यक्ष कापून, मळून, वजन करून पाहण्याची पद्धत रूढ झाली. तिचे नाव पीक कापणी प्रयोग.

आधी तालुक्यातून काही गावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडतात, मग गावातून शेते. शेतातला तुकडाही कोणाच्या मर्जीने ठरत नाही. समजा, रब्बी ज्वारीचे एक शेत 80 मीटर लांब आणि 42 मीटर रुंद आहे. कापायचा तुकडा 10 मीटर लांब, 5 मीटर रुंद, म्हणजे अर्धा गुंठा. तो शेताबाहेर जाऊ नये म्हणून 80 मधून 10 आणि 42 मधून 5 वजा करायचे. उरले 70 आणि 37. मग छापील यादृच्छिक अंकांच्या कोष्टकातून या मर्यादेत बसणारे दोन अंक घ्यायचे. ते 53 आणि 19 आले असे धरू. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून लांबीच्या बाजूने 53 मीटर जायचे, तेथून काटकोनात 19 मीटर आत शिरायचे, आणि तेथे पहिली खुंटी ठोकायची. चार खुंट्यांना दोरी ताणली की कर्ण मोजायचा. तो 11 मीटर 18 सेंटिमीटर भरला, तर कोपरे काटकोनात आहेत असे समजावे.

येथे नेमका वाद सुरू होतो. दोरीच्या आत नेमका खडकाळ तुकडा आलेला असतो आणि शेतकरी म्हणतो, “अहो भाऊसाहेब, एवढं पीक सोडून इथंच का कापता? जरा पलीकडं या की!” विनंती अगदी माणुसकीची आहे. पण पलीकडे सरकायचे नाही, हाच तर या साऱ्या खटाटोपाचा प्राण आहे. शेतात जितका भाग विरळ असेल, तितक्या प्रमाणात तो अंकांच्या वाट्यालाही आला पाहिजे.

तुकड्यातली कणसे खुडतात, मळतात, उफणतात आणि दाणे तोलतात. समजा, 5 किलो 250 ग्रॅम भरले. दाण्यात अजून ओल असते, म्हणून काही प्रयोगांत एक किलो दाणे कापडी पिशवीत घालून वाळवतात. ते वाळून 900 ग्रॅम राहिले, तर आपल्या तुकड्याचे खरे वजन 4 किलो 725 ग्रॅम. हेक्टरमध्ये असे 200 तुकडे मावतात; तेव्हा उतारा हेक्टरी 945 किलो.

आता कोणी विचारील, एवढा मोठा तुकडा कशाला? दोन फुटांचे वर्तुळ आखून मूठभर कणसे कापली तर नाही का चालणार? हा प्रश्न पूर्वी मोठमोठ्यांना पडला होता. बंगालात प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांचे पुरस्कर्ते होते. त्यामुळे थोड्या श्रमात पुष्कळ ठिकाणी कापणी करता येते. त्यांच्या विरुद्ध बाजूला होते आपल्या सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. लहान तुकड्यांतून उतारा खऱ्यापेक्षा जास्त निघतो, असे त्यांनी 1940 नंतरच्या दशकात प्रत्यक्ष प्रयोगांनी दाखवले. कारण ऐकाल तर साधे आहे. दोरीवर आलेले ताट आत धरावे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. समजा, हा मोह चोहोबाजूंनी 5 सेंटिमीटर इतकाच आहे. आपला 10 बाय 5 चा तुकडा त्यामुळे 10.10 बाय 5.10 होतो, क्षेत्र वाढते सुमारे तीन टक्के. पण 60 सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ 65 ची त्रिज्या घेते आणि क्षेत्र 17 टक्क्यांनी फुगते! शिवाय ही चूक हजार प्रयोग केले तरी पुसली जात नाही, कारण ती नेहमी एकाच दिशेची असते. एका शेतात खडक आला, दुसऱ्यात पाणथळ आली, तर त्या उण्याअधिक गोष्टी सरासरीत एकमेकींना खाऊन टाकतात. हाताचा मोह मात्र तसाच उरतो.

पूर्वी या तीन टक्क्यांचे दुःख फक्त आकडेशास्त्रज्ञांना होते. आता तसे नाही. 2016 पासूनच्या पंतप्रधान पीक विमा योजनेत याच प्रयोगांवर भरपाई ठरू लागली, आणि महाराष्ट्रात 2025 च्या खरिपापासून तर सारी मदार त्यांच्यावरच आली आहे. समजा, एका महसूल मंडळाचा उंबरठा उतारा हेक्टरी 1000 किलो आणि विम्याची रक्कम हेक्टरी 30,000 रुपये आहे. प्रत्यक्ष उतारा 900 किलो निघाला, तर तूट दहा टक्के आणि भरपाई 3,000 रुपये. त्याच तीन टक्क्यांच्या मोहाने उतारा 927 दिसला, तर भरपाई 2,190 रुपये. पाच सेंटिमीटरांची किंमत हेक्टरी 810 रुपये! उलट ओढ असली तर आकडा खाली येतो आणि विमा कंपनीच्या खिशाला चाट बसते. म्हणून आता शेतात कापणी चालली असता एकीकडे शेतकरी आणि दुसरीकडे कंपनीचा माणूस उभा असतो, मधे दोरी.

यात आणखी एक अडचण आहे, तिची चर्चा फारशी होत नाही. ही पद्धत मूळ आखली गेली ती जिल्ह्याची आणि राज्याची सरासरी काढण्यासाठी. तेथे हजारो तुकड्यांचा आधार असतो. मंडळाला मात्र मोजकेच प्रयोग वाट्याला येतात. त्यांतले एखादे शेत फार चांगले किंवा फार वाईट निघाले, तर सगळ्या मंडळाचा आकडा हलतो. आणि एखाद्या शेतकऱ्याचे शेत गारपिटीने झोडपून निघाले, पण निवड झालेली शेते वाचली, तर त्याचे नुकसान या सरासरीत दिसतच नाही.

गफलत ओळखायची कशी? कधी शेतकरी वाट पाहून कंटाळतो आणि पथक येण्याआधीच पीक काढून मोकळा होतो. मग प्रयोग कागदावरच पार पडतो. असे घरबसल्या रचलेले आकडे एका खुणेने उघडे पडतात. खरी वजने ओबडधोबड असतात: 4 किलो 730, 6 किलो 85, 2 किलो 910. रचलेली वजने पाच किलो, साडेपाच किलो, सहा किलो अशी गोल येतात, आणि एकाच गावच्या दोन शेतांत जवळजवळ सारखी पडतात. मोबाइलवर छायाचित्र, वेळ आणि जागेची नोंद करायची सोय आता आहे, तीही तपासाला उपयोगी पडते. तरी अनुभवी तपासनीस आधी वजनांचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचतो, आणि शेवटी शून्यच शून्य दिसली की गाडी त्या गावाकडे वळवतो.