तीन शेवभाज्या

बऱ्हाणपुरात रविवारी संध्याकाळी किल्ला आणि तापीचा घाट पाहून झालेली कुटुंबं एकदमच जेवायला येतात. आमच्या हॉटेलात मी खिडकीवर उभा असतो, म्हणजे स्वयंपाकघर आणि हॉल यांच्या मधोमध. कॅप्टनने आणलेली ऑर्डरची चिठ्ठी, म्हणजे केओटी, पट्टीत अडकवायची, आचाऱ्यांना ओरडून सांगायची, ताट बाहेर जाताना चिठ्ठीशी ताडून ओळ खोडायची, हे माझं काम.

ऐकायला सोपं वाटतं, पण खरी मेख वेळेत आहे. खानदेश शेजारीच, त्यामुळे शेवभाजीला मागणी फार. तिचा रस्सा तयारच असतो, पण शेव अगदी शेवटी घालायची. पाच मिनिटं आधी पडली की फुगून लगदा होतो. म्हणून आधी तंदूरवाल्याला रोट्या सांगायच्या, त्या निघायला लागल्या की शेव.

त्या रविवारी पावणेनऊला पट्टीवर अकरा चिठ्ठ्या पेंडिंग होत्या. चार नंबरला दोन शेवभाज्या, नऊ नंबरला एक. अशा वेळी मी बेरीज करून सांगतो, म्हणजे आचारी एकाच कढईत उरकतो. मी ओरडलो, "शेवभाजी तीन!"

नऊ नंबरच्या ओळीपुढे बारीक अक्षरात 'जैन' लिहिलं होतं. बेरजेत ते गळालं.

तीन वाट्या आल्या, तिन्हींवर सारखाच लाल तवंग. मी ओळी खोडल्या आणि वाट्या गेल्या. दोन मिनिटांनी सहज नजर बाजूच्या शेगडीकडे गेली. कांदा-लसूण-आलं नसलेला रस्सा ज्या छोट्या पॅनमध्ये गरम होतो, तो कोरडा ठणठणीत होता! पोटात धस्स झालं.

मी स्वतःच धावलो. नऊ नंबरवर एक आजी रोटीचा तुकडा मोडत होत्या, वाटीला अजून हात लागला नव्हता. "आजी, थांबा. चूक झाली, यात कांदा-लसूण आहे."

त्यांनी वाटी हळूच बाजूला सरकवली. "तू आला नसतास तर?" एवढंच म्हणाल्या. मला उत्तर सुचलं नाही.

नुसती भाजी बदलून भागत नाही, तोवर रोट्या गार होतात. पॅन धुतला, टोमॅटोचा रस्सा वेगळा केला, शेवही बिनलसणाची घेतली (हे बरेचजण विसरतात), रोट्या नव्याने लावल्या. आठ मिनिटं गेली. तेवढ्यात मागच्या चिठ्ठ्या तुंबल्या आणि सात नंबरवाले चिडून उठून गेले. मालकांनी रागावायचं ते रागावलेच.

आता मी जैन पदार्थ बेरजेत धरत नाही. आधी बाकीचे सांगतो, मग थांबून, "नऊ नंबर, जैन अलग!" आणि आचाऱ्याकडून तेच शब्द परत ऐकल्याशिवाय पुढची चिठ्ठी उचलत नाही.

ती परत आलेली वाटी रात्री साडेअकराला आम्ही दोघांनी खाल्ली. शेवेचा पार लगदा झाला होता.