वस्त्रविक्रीतील साठा-मोजणी : बारकोड व आरएफआयडी यांचा तौलनिक विचार

तयार कपड्यांच्या दुकानात संगणकावरील साठा आणि मांडणीवरील साठा यांत तफावत पडते, याचे मूळ पुष्कळदा मोजणीच्या पद्धतीत असते. बारकोड वस्तूचा प्रकार सांगतो. नग ओळखत नाही. निळ्या रंगाच्या, 40 मापाच्या सर्व शर्टांवर एकच क्रमांक असतो. कर्मचाऱ्याने घाईत एकच शर्ट तीनदा स्कॅन केला आणि उरलेले दोन काळे असले, तर एकूण संख्या बरोबर येते. रंगनिहाय नोंद मात्र चुकते. ही चूक बेरजेत दिसत नाही, ती ग्राहक परत गेल्यावर कळते.

आरएफआयडी टॅगमध्ये प्रत्येक नगाचा स्वतंत्र अनुक्रमांक असतो व तो रेडिओलहरींनी, टॅग समोर न दिसताही वाचला जातो. त्यामुळे एकच नग दोनदा मोजला जात नाही. झारा या स्पॅनिश दुकानसाखळीत पूर्वी सहा महिन्यांनी होणारी मोजणी 2014 च्या सुमारास सहा आठवड्यांवर आली. तेव्हा तेथे चिप कपड्याच्या लेबलात नसून चोरी-प्रतिबंधक प्लॅस्टिक टॅगमध्ये बसविलेली होती. विक्रीच्या वेळी हा टॅग काढून पुन्हा वापरला जात असे.

या पुनर्वापराचे महत्त्व खर्चाच्या हिशेबात दिसते. समजा, एका दुकानात 10,000 नग आहेत व वर्षाला 40,000 विकले जातात. बारकोडने ताशी 250 नग धरल्यास मोजणीस 40 तास लागतात; आरएफआयडीने ताशी 5,000 धरल्यास 2 तास. ताशी 100 रुपये मजुरीने दर मोजणीत 3,800 व मासिक मोजणीत वर्षाला 45,600 रुपये वाचतात. उलट, एकदाच वापरायचा टॅग 5 रुपयांचा धरला तरी खर्च 2 लाख होतो. वाचनयंत्रे वेगळीच. म्हणजे मजुरी स्वस्त असेल तेथे केवळ श्रमबचतीवर हा व्यवहार परवडत नाही. उरलेले 1,54,400 रुपये वाढीव विक्रीतूनच यावे लागतात. प्रतिनग नफा 400 रुपये असल्यास त्यासाठी 386 जादा नग, म्हणजे सुमारे एक टक्का अधिक विक्री हवी. साठ्यात असूनही न सापडल्यामुळे विक्री हुकण्याचे प्रमाण त्याहून कमी असेल, तर बारकोडच योग्य होय.

अचूकतेलाही मर्यादा आहेत. सुती कापडातून लहरी सहज जातात. परंतु धातूची मांडणी, खऱ्या जरीचे काठ किंवा घट्ट रचलेल्या घड्यांतील एकमेकांस चिकटलेले टॅग यांमुळे काही नग वाचलेच जात नाहीत. याउलट पातळ भिंतीपलीकडील गोदामातील नग दुकानात असल्याप्रमाणे नोंदले जातात. हा दोष अधिक फसवा, कारण यादी पूर्ण भासते. याची परीक्षा सोपी आहे. एकाच कप्प्याचे लागोपाठ दोनदा वाचन करून दोन्ही याद्या अनुक्रमांकानुसार ताडून पाहाव्यात आणि नंतर तोच कप्पा हाताने मोजावा. याद्यांत फरक आढळल्यास वाचन सुटत आहे. याद्या जुळूनही हातमोजणी कमी भरल्यास भिंतीपलीकडचे टॅग वाचले जात असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी वाचनयंत्राची शक्ती कमी करावी लागते, आणि मग कर्मचाऱ्याला प्रत्येक कप्प्याजवळ जावे लागून ताशी 5,000 चा वेग टिकत नाही.